दोन पर्याय विचारले आणि उत्तर आलं नुसतं ‘हो’: निवड पक्की कशी करायची

चॅटवर मदत मागणारी व्यक्ती आपली अडचण सांगते. सपोर्टवरचा माणूस ती वाचतो आणि विचारतो, “दोन्ही खाती एकत्र करू का किंवा जुनं बंद करू का?” काही सेकंदांत उत्तर येतं, “हो.” आता काय करायचं? एकत्र करायची, बंद करायचं, की पुन्हा विचारायचं? पुन्हा विचारायचं तर कोणत्या शब्दांत?

या लेखात मी फक्त लेखी संभाषणाबद्दल बोलणार आहे, म्हणजे चॅट, मेसेज, तिकिटावरचे रिप्लाय. त्यातही अशा जागेबद्दल, जिथे मिळालेल्या उत्तरावर विसंबून कुणीतरी प्रत्यक्ष काही करणार असतं: खातं बंद करणार, तारीख बदलणार, फाइल पुसणार. गप्पांमध्ये असं ‘हो’ आलं तर पुढच्या दोन वाक्यांत उलगडा होतोच. कामाच्या चॅटमध्ये तो उलगडा आपण घडवून आणावा लागतो, आणि तो काम करण्याआधी व्हावा लागतो.

ते ‘हो’ कशाला चिकटलेलं असतं

असं उत्तर आलं की चटकन वाटतं, समोरच्याने प्रश्न नीट वाचलाच नाही. मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. बहुतेक वेळा प्रश्न वाचलेला असतो, उत्तरही विचार करून दिलेलं असतं. त्याच्या डोक्यात ते ‘हो’ एका ठरावीक गोष्टीला चिकटलेलं असतं, फक्त ती गोष्ट आपल्याला दिसत नाही.

ती गोष्ट पहिला पर्याय असू शकते. फोनच्या वरच्या पट्टीत आलेल्या नोटिफिकेशनमध्ये मेसेजची सुरुवातच दिसते. तिथूनच रिप्लाय दिला असेल तर दुसरा पर्याय डोळ्यांसमोर आलेलाच नसतो. ती गोष्ट शेवटचा पर्याय असू शकते, कारण तो सगळ्यात ताजा असतो. ते ‘हो’ दोन्हींना मिळूनही असू शकतं. आपल्या लेखी ते दोन पर्याय असतात, पण त्याच्या लेखी ती एकामागून एक करायची दोन कामं असतात. किंवा त्याला म्हणायचं असतं, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” किंवा नुसतं, “वाचलं, पुढे बोला.”

आणखी एक शक्यता आहे जी सहज निसटते: ते ‘हो’ या प्रश्नाचं उत्तरच नसतं. त्याआधीच्या मेसेजमध्ये आपण विचारलेलं असतं, “तुम्ही आता नव्या फोनवरून लॉगिन केलंय का?” तो टाइप करत असताना आपला दुसरा मेसेज जाऊन पोचतो आणि त्याचं ‘हो’ स्क्रीनवर चुकीच्या प्रश्नाखाली येऊन बसतं. चॅटमध्ये मेसेज असे एकमेकांना ओलांडतात, आणि वरून खाली वाचणाऱ्याला ते कळत नाही.

‘ओके’, ‘चालेल’, ‘बरं’ आणि अंगठ्याची इमोजी यांची तीच गत आहे. ‘करा’ हे उत्तर तर जास्त फसवं असतं, कारण त्यात परवानगी स्पष्ट आहे, पण काय करायचं ते नाही. ते वाचून आपला हात आपोआप कामाकडे वळतो.

प्रश्नाच्या बांधणीचाही यात मोठा वाटा असतो, आणि तो भाग आपल्या हातातला आहे. समोरासमोर बोलताना “एकत्र करू की बंद करू” यात आवाज पहिल्या पर्यायावर चढतो आणि दुसऱ्यावर उतरतो. त्या चढउतारावरून ऐकणाऱ्याला कळतं की दोन्हींपैकी एक निवडायचं आहे. लेखनात आवाज नसतो. उरतो तो ‘की’, ‘किंवा’ आणि ‘का’ यांचा खेळ. “एकत्र करू की बंद करू?” याला ‘हो’ म्हणणं मराठी कानाला खटकतं, कारण ‘की’ निवड मागतो. “एकत्र किंवा बंद करू का?” याला ‘हो’ हे अगदी रीतसर उत्तर आहे, कारण शेवटचा ‘का’ हो-नाही मागतो. आणि “एकत्र करू का किंवा बंद करू का?” हे तर दोन वेगळे हो-नाहीचे प्रश्न आहेत, एका ओळीत बसवलेले. वरच्या उदाहरणातल्या युजरने व्याकरणाला धरूनच उत्तर दिलं आहे. हे एकदा लक्षात आलं की पुढचा मेसेज लिहिताना सूर आपोआप बरोबर लागतो. ‘तुम्ही नीट सांगितलं नाही’ असा सूर येत नाही, ‘मी नीट विचारतो’ असा येतो.

पायरी पहिली: हात थांबवा आणि एक प्रश्न स्वतःला विचारा

काहीही करण्याआधी स्वतःला विचारायचं: मी चुकीचा पर्याय निवडला तर ते परत फिरवता येईल का?

याचं उत्तर तीन तऱ्हेचं असतं. काही कामं लगेच उलटवता येतात, जसं सूचनांची भाषा बदलणं, यादीचा क्रम बदलणं. काही उलटवता येतात पण त्रास होतो, जसं अपॉइंटमेंट हलवणं. जुनी वेळ दुसऱ्या कुणी घेतली की ती हातची गेली. आणि काही उलटवताच येत नाहीत: कायमचं पुसणं, खातं बंद करणं, तिसऱ्या माणसाला काही पाठवणं.

पुढच्या सगळ्या पायऱ्या या उत्तरावर अवलंबून आहेत. प्रत्येक अस्पष्ट ‘हो’वर उलटतपासणी केली तर लोक वैतागतात आणि मग खरोखर महत्त्वाच्या जागीही न वाचता ‘हो’ लिहू लागतात. म्हणून पक्कं करून घेण्याची मेहनत चुकीच्या किमतीच्या प्रमाणात हवी. लगेच उलटवता येणाऱ्या कामात मी पुन्हा विचारत नाही. एक पर्याय धरतो, तो करतो आणि केलेलं स्पष्ट सांगतो: “सूचना मराठीत सुरू केल्या आहेत. इंग्रजीत हव्या असतील तर ‘इंग्रजी’ एवढं लिहा, लगेच बदलतो.” यात विचारणा आहे, पण समोरच्याचा वेळ जात नाही.

पायरी दुसरी: वर जाऊन वाचा

उलटवता न येणारं काम असेल तर चॅट वर सरकवा आणि तीन गोष्टी पाहा.

पहिली, वेळा. आपला प्रश्न आणि त्याचं ‘हो’ यांत किती अंतर आहे? चार ओळींचा प्रश्न आणि दोन सेकंदांत उत्तर, असं असेल तर ते ‘हो’ बहुधा आधीच्या मेसेजला आहे. आधीच्या मेसेजमध्ये हो-नाहीचा प्रश्न सापडला तर कोडं जवळपास सुटलं. मग पर्यायांच्या प्रश्नाला अजून उत्तर आलेलंच नाही, असं समजून चालायचं.

दुसरी, त्याचं मूळ मागणं. पहिल्या मेसेजमध्ये माणूस आपल्याला काय हवंय ते स्वतःच्या शब्दांत सांगतो. तेव्हा आपले पर्याय त्याच्यासमोर नसतात, म्हणून ते शब्द सगळ्यात विश्वासाचे. ते एका पर्यायाकडे झुकतात का, हे पाहायचं.

तिसरी, आपलेच पर्याय. ते खरोखर एकमेकांना वगळणारे होते का? दोन्ही करता येणं शक्य होतं का? एक पर्याय दुसऱ्याच्या पोटातच होता का? इथे अनेकदा आपल्याच प्रश्नाची खोट दिसते.

या वाचनातून अंदाज बांधता येतो. पण अंदाज म्हणजे उत्तर नव्हे. त्याचा उपयोग एवढाच की पुढचा प्रश्न अचूक लिहिता येतो.

पायरी तिसरी: विचारण्याची तऱ्हा निवडा

पुन्हा विचारण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांची जागा वेगवेगळी आहे.

पहिल्या तऱ्हेत आपण आपली समजूत मांडतो आणि ती बरोबर आहे का ते विचारतो. “तुम्हाला तारीख पुढे ढकलायची आहे, असं मी समजतो. बरोबर आहे का?” आता ‘हो’ला चिकटायला एकच गोष्ट आहे. संभाषणाचा अभ्यास करणारे इमॅन्युएल शेग्लॉफ, गेल जेफरसन आणि हार्वी सॅक्स यांनी १९७७ मध्ये बोलण्यातल्या दुरुस्त्यांवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी न समजल्याचं सांगण्याच्या रीती दुबळ्यापासून बळकटपर्यंत लावून दाखवल्या आहेत. नुसतं “काय?” सगळ्यात दुबळं, कारण काय समजलं नाही तेच त्यातून कळत नाही. “कोण?”, “कधी?” त्याहून बरं. सगळ्यात बळकट रीत म्हणजे “म्हणजे तुम्हाला अमुक म्हणायचंय का?”, कारण त्यात ऐकणाऱ्याने आपली समजूत उघड करून ठेवलेली असते. चॅटमध्ये “कोणता पर्याय?” एवढंच लिहून पाठवणारे आणि समजूत मांडणारे यांच्यात हाच फरक आहे.

पण या तऱ्हेत एक धोका आहे. लोकांचा कल होकाराकडे असतो, विशेषतः समोरचा जाणकार वाटला तर. सपोर्टवरच्या माणसाने “असंच ना?” म्हटलं की “हो” म्हणणं सोपं आणि “नाही, तसं नाही” म्हणणं जड. म्हणून आपला अंदाज मूळ मागण्यावर भक्कम उभा असेल तरच ही तऱ्हा वापरावी, आणि तेव्हाही ‘ना’ टाळून ‘का’ लिहावं. “बंद करायचंय ना?” हा प्रश्न होकाराकडे ढकलतो. “बंद करायचंय का?” तेवढा ढकलत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत दोन्ही पर्याय पुन्हा मांडायचे, पण अशा रीतीने की ‘हो’ हे उत्तर बसूच नये. काम उलटवता येणार नसेल किंवा अंदाज डळमळीत असेल तर हीच तऱ्हा. ती नीट लिहिणं थोडं कसबाचं आहे, म्हणून तिला वेगळी पायरी दिली आहे.

पायरी चौथी: ‘हो’ बसणार नाही असा प्रश्न लिहा

सुरुवातीचंच उदाहरण पूर्ण घेऊ. समजा फोटो साठवण्याची एक सेवा आहे. तिथलं संभाषण असं:

११:०२ युजर: “माझे फोटो दोन खात्यांत विभागले गेलेत. जुन्या ईमेलचं खातं आता नको. नव्या फोनवर सगळं एकाच ठिकाणी दिसायला हवं.”

११:०५ सपोर्ट: “तुमची दोन्ही खाती पाहिली. जुन्यात १,८४० फोटो आहेत, नव्यात २१२. दोन्ही खाती एकत्र करू का किंवा जुनं बंद करू का?”

११:०५ युजर: “हो”

वर जाऊन वाचलं तर काय दिसतं? पहिल्या मेसेजमध्ये दोन मागण्या आहेत: जुनं खातं नको आणि सगळं एकाच ठिकाणी हवं. म्हणजे युजरच्या दृष्टीने दोन्ही ‘पर्याय’ हवेच आहेत, आणि ‘हो’ बहुधा दोन्हींना आहे. पण या सेवेत ‘एकत्र करणं’ म्हणजे जुन्यातले फोटो नव्यात हलवून जुनं खातं आपोआप बंद होणं. ‘बंद करणं’ म्हणजे जुनं खातं फोटोंसकट जाणं. हे सपोर्टला माहीत आहे, युजरला नाही. प्रश्नात कामांची नावं होती, परिणाम नव्हते. १,८४० फोटो कायमचे जाण्याचा प्रश्न आहे, म्हणून अंदाजावर जायचं नाही.

आता पुन्हा विचारायचा मेसेज:

“काही करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घेतो, कारण माझ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

एकत्र: जुन्या खात्यातले १,८४० फोटो नव्या खात्यात येतील. त्यानंतर जुनं खातं आपोआप बंद होईल.

बंद: जुनं खातं त्यातल्या १,८४० फोटोंसकट बंद होईल. ते फोटो नव्या खात्यात येणार नाहीत आणि परत मिळणार नाहीत.

‘एकत्र’ किंवा ‘बंद’ यांपैकी एक शब्द लिहून पाठवा. तोपर्यंत मी दोन्ही खात्यांना हात लावत नाही.”

या मेसेजमध्ये काय केलं आहे ते पाहू. पहिल्या वाक्यात गोंधळाचं कारण आपल्या प्रश्नाकडे घेतलं आहे. तो नुसता शिष्टाचार नाही. आपण चुकीचं उत्तर दिलं असं वाटलेला माणूस दुसऱ्यांदा घाईने आणि अंदाजाने उत्तर देतो.

प्रत्येक पर्याय स्वतंत्र ओळीत आहे आणि त्यात परिणाम लिहिला आहे. दोन्ही ओळींत तीच संख्या आली आहे, म्हणजे फरक कशात आहे ते लगेच दिसतं. फरक न दाखवता पर्यायांची नावंच पुन्हा लिहिली तर उत्तर मिळेल, पण ते समजून दिलेलं नसेल.

शेवटची ओळ आज्ञार्थी आहे, आणि हे मुद्दाम. हाताला सवयीने येतं ते “एक शब्द लिहून पाठवाल का?” हे वाक्य. ते सौजन्याचं आहे, पण त्याच्या शेवटी ‘का’ आहे आणि त्याला पुन्हा ‘हो’ येतं! “कृपया कळवाल का”, “सांगू शकाल का” यांचंही तसंच. पाठवण्याआधी मेसेजचं शेवटचं वाक्य वाचायचं आणि त्याला ‘हो’ म्हणून पाहायचं. ‘हो’ बसत असेल तर वाक्य बदलायचं. एवढी एक तपासणी सवयीची झाली तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

क्रमांकांऐवजी शब्द का मागितला? क्रमांक टाइप करायला सोपे असतात हे खरं, आणि ज्यांना टाइप करणं जड जातं त्यांच्यासाठी मीही क्रमांकच देतो. पण ‘१’ हे उत्तर नंतर वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही, आणि चॅटमध्ये आधी दुसरी क्रमांकांची यादी येऊन गेली असेल तर ‘१’ कोणत्या यादीतला, हा नवा प्रश्न उभा राहतो. ‘एकत्र’ हा शब्द स्वतःच अर्थ घेऊन येतो. क्रमांक वापरलेच तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही अंक चालतील हे धरून चाला आणि पुढच्या मेसेजमध्ये क्रमांकाऐवजी कामाचं नाव लिहा.

चॅटमध्ये बटणं देता येत असतील तर काम सोपं होतं, पण बटणांवर ‘हो’ आणि ‘नाही’ लिहिलं तर नाही. बटणावर कामाचं नावच हवं: ‘फोटो नव्या खात्यात आणा’, ‘फोटोंसकट बंद करा’. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे “ऑर्डर रद्द करायची?” या प्रश्नाखाली ‘हो’ आणि ‘रद्द’. तिथे ‘रद्द’ दाबणारा नेमकं काय रद्द करतो, कुणालाच सांगता येत नाही.

पायरी पाचवी: शब्द एक, इच्छा दुसरी

आपल्या उदाहरणात पुढे असं होतं:

११:०९ युजर: “बंद करा जुनं. फोटो सगळे नव्यात पाहिजेत.”

शब्द मिळाला: ‘बंद’. पण दुसरं वाक्य ‘एकत्र’चा परिणाम मागतं आहे. असं बरेचदा होतं, कारण ‘जुनं बंद’ हे शब्द युजरच्या मनात सुरुवातीपासून आहेत आणि आपल्या मेसेजमध्ये तेच ओळखीचे दिसले. इथे नियम सरळ आहे: पर्यायाचं नाव आणि हवा असलेला परिणाम यांत विसंगती असेल तर परिणामाला धरायचं, आणि तो एकदा स्पष्ट विचारून घ्यायचा.

११:१० सपोर्ट: “म्हणजे जुन्या खात्यातले १,८४० फोटो आधी नव्यात आणायचे आणि मग जुनं खातं बंद करायचं. असं करू का?”

११:१० युजर: “हो”

हे ‘हो’ मी निर्धास्तपणे घेतो. प्रश्नात एकच गोष्ट आहे, ती युजरच्या स्वतःच्या वाक्यातून आलेली आहे आणि परिणाम पूर्ण लिहिलेला आहे. पहिलं ‘हो’ आणि हे ‘हो’ दिसायला सारखेच, बदलला तो प्रश्न.

समजा ११:०९ ला नुसतं “बंद करा जुनं” एवढंच आलं असतं तर? तर मी लगेच बंद केलं नसतं, कारण पहिल्या मेसेजमधलं “सगळं एकाच ठिकाणी दिसायला हवं” हे वाक्य अजून उभं आहे. अशा वेळी फक्त वादाच्या मुद्द्यावर एक हो-नाहीचा प्रश्न: “जुन्यातले १,८४० फोटो नव्यात हवे आहेत का?” खात्याबद्दल नाही, फोटोंबद्दल. ‘हो’ आलं तर एकत्र. ‘नाही’ आलं तर बंद करण्याआधी तेच शब्दांत मांडून विचारायचं, कारण ‘नाही’तूनही सगळं सिद्ध होत नाही. एका पर्यायाला ‘नाही’ म्हणजे दुसऱ्याला ‘हो’ असं आपण गृहीत धरतो, पण माणसाला दोन्ही नको असू शकतात.

आणि तुमच्या नीट लिहिलेल्या प्रश्नालाही दुसऱ्यांदा ‘हो’च आलं तर? तोच मेसेज पुन्हा पाठवू नका. कारण कदाचित मेसेज लांब आहे, कदाचित माणूस घाईत आहे, कदाचित स्क्रीनवर त्याला शेवटची ओळच दिसते आहे. मग पर्याय सोडून द्या आणि एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा, सगळ्यात जास्त नुकसानीच्या मुद्द्यापासून सुरू करून. त्यानेही जमलं नाही तर फोन करण्याची सोय असेल तर फोन करा. आवाजात ते अर्ध्या मिनिटात सुटतं.

पायरी सहावी: करण्याआधी वाचून दाखवा

विमान वाहतुकीत वैमानिकाला धावपट्टी किंवा उंचीबद्दल सूचना मिळाली की ती नुसतं ‘समजलं’ म्हणून चालत नाही, ती परत उच्चारावी लागते. ‘रॉजर’ या शब्दाचा ठरलेला अर्थ ‘तुमचा संदेश पूर्ण मिळाला’ एवढाच आहे. जिथे सूचना परत उच्चारायची आहे किंवा हो-नाही असं थेट उत्तर द्यायचं आहे, तिथे ‘रॉजर’ म्हणायला मनाई आहे. मिळाल्याची पोच आणि निवडीचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून त्यांना वेगळे शब्द ठेवले आहेत. चॅटमध्ये युजरवर असा नियम लादता येत नाही. पण वाचून दाखवायचं काम आपण आपल्याकडे घेऊ शकतो.

वाचून दाखवताना चार गोष्टी असाव्यात: काय करणार, नेमकं कशावर, केव्हा, आणि थांबवायचं असेल तर काय करायचं. आपल्या उदाहरणात: “आता जुन्या ईमेलच्या खात्यातले १,८४० फोटो नव्या ईमेलच्या खात्यात हलवायला सुरुवात करतो. सगळे पोचल्याची खात्री झाल्यावरच जुनं बंद करेन. मध्ये थांबवायचं वाटलं तर ‘थांबा’ लिहा.” खरी खाती असतात तेव्हा ईमेल पत्त्याची सुरुवातीची काही अक्षरं लिहायची. ‘जुनं’ आणि ‘नवं’ हे शब्द दोन्ही बाजूंना वेगळे वाटू शकतात: आधी उघडलेलं ते जुनं, की आता वापरत नाही ते जुनं?

कामाचा क्रमही इथे आपल्या बाजूने लावता येतो. हलवणं आधी, बंद करणं शेवटी. शंका राहून गेली असेल तर ती हलवताना उघडी पडते, आणि तोवर काहीच गमावलेलं नसतं. दोन कामांपैकी एक उलटवता येणारं आणि एक न येणारं असेल तर न येणारं नेहमी शेवटी ठेवावं.

पुढच्या वेळी प्रश्न कसा टाकायचा

हे सगळं टाळायचं असेल तर मेसेजमध्ये एकच प्रश्न ठेवा. माहिती आणि प्रश्न वेगळे पाठवा, आणि आधीच्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा टाकू नका, म्हणजे मेसेज एकमेकांना ओलांडणार नाहीत. निवड मागायची असेल तर ‘की’ वापरा आणि शेवटी ‘का’ येऊ देऊ नका. दोन्ही पर्याय एकत्र शक्य असतील तर तो तिसरा पर्याय म्हणून उघडपणे लिहा. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ असं युजर म्हणेल अशी शक्यता असेल तर शिफारस आधीच करून ठेवा आणि तिचं कारण द्या. मग तो तिला ‘हो’ म्हणू शकतो, आणि त्या ‘हो’चा अर्थ लागतो.

नोंद कशी लिहायची, आणि उत्तरच आलं नाही तर

तिकिटावर “युजरने होकार दिला” अशी नोंद सर्रास दिसते. ती निरुपयोगी आहे, कारण होकार कशाला ते त्यात नाही. महिन्याभराने तक्रार आली तर तिकीट उघडणाऱ्याला तेच कोडं पुन्हा पडतं. नोंदीत विचारलेलं वाक्य आणि आलेलं उत्तर दोन्ही जसंच्या तसं हवं: “११:१० ला विचारलं: जुन्यातले १,८४० फोटो नव्यात आणून मग जुनं बंद करू का. उत्तर: हो. आधीच्या ११:०५ च्या ‘हो’चा अर्थ स्पष्ट नव्हता, तो धरलेला नाही.” ते शेवटचं वाक्य लिहाच. नाहीतर पुढचा माणूस चॅट वरून वाचत येईल आणि पहिलंच ‘हो’ उचलेल.

कधी कधी आपला पुन्हा विचारलेला प्रश्न तसाच पडून राहतो. युजरला वाटतं, मी तर सांगितलंय, आता काम चालू असेल. मौन म्हणजे संमती नव्हे, आणि आधीचं अस्पष्ट ‘हो’ मौनाने स्पष्ट होत नाही. अशा वेळी दोन्ही पर्यायांत समाईक असलेलं, काहीही न गमावणारं काम असेल तर तेवढं करावं, म्हणजे इथे दोन्ही खात्यांची माहिती तपासून ठेवणं. बाकी जसं आहे तसं राहू द्यावं. आणि चॅटबाहेर, ईमेलवर एक छोटा मेसेज पाठवावा, ज्याच्या विषयातच काम थांबल्याचं दिसेल: “तुमच्या उत्तरासाठी काम थांबलं आहे: फोटो नव्या खात्यात आणायचे की जुन्या खात्याबरोबर काढून टाकायचे?” ‘थांबलं आहे’ हे शब्द तिथे आवश्यक आहेत. तिकीट बंद करू नका. ‘उत्तराच्या प्रतीक्षेत’ अशा स्थितीत ठेवा आणि तोच प्रश्न नोंदीत सगळ्यात वर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या पाळीला येणाऱ्याला खाली कुठेतरी ते पहिलं ‘हो’ सापडलं तरी तो कामाला हात घालणार नाही.